विश्लेषण : टीडीएस कापला, सरकारजमाही झाला… तरी नावावर का दिसत नाही?

बिलातून टीडीएस कापला गेला, कंपनीने तो मुदतीत सरकारजमाही केला. पण विवरणपत्र भरताना ‘फॉर्म २६एएस’ उघडून पाहावे, तर त्या रकमेचा पत्ताच नाही. दरवर्षी विवरणपत्रांच्या हंगामात असंख्य करदात्यांची कर सल्लागारांकडे हीच तक्रार असते. पैसे सरकारकडे पोहोचलेले असतानाही ते कोणाचे हे सरकारला कळलेले नसते, असे कसे होते? चूक कुठे झाली हे कसे ओळखायचे? आणि कंपनीने कर भरलाच नसेल, तर त्याचा भुर्दंड कोणावर?

एका कपातीचे दोन प्रवास कोणते?

टीडीएस म्हणजे उत्पन्न हाती पडण्यापूर्वी, ते देणाऱ्याने त्यातून कापून घेतलेला कर. तो सरकारपर्यंत पोहोचण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि सगळा गोंधळ या दोन मार्गांमधल्या अंतरात होतो. पहिला मार्ग पैशाचा. कर कापणारी कंपनी ‘चलान २८१’ वापरून बँकेमार्फत रक्कम भरते. या चलानावर कंपनीचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणारा दहा अक्षरी क्रमांक असतो. ज्याच्या बिलातून कर कापला त्याचे नाव किंवा पॅन त्यावर कुठेच नसते. एका चलानात पन्नास जणांचा कर एकत्र भरलेला असू शकतो आणि सरकारला फक्त एवढेच समजते, की अमुक टॅनधारकाने अमुक रक्कम जमा केली.

दुसरा मार्ग माहितीचा. ती पन्नास माणसे कोण, कोणाचे किती, हे कंपनी तीन महिन्यांतून एकदा भरायच्या विवरणपत्रात सांगते. पगाराव्यतिरिक्तच्या, निवासी व्यक्तींना केलेल्या देण्यांसाठी हा ‘फॉर्म २६क्यू’ असतो, पगारासाठी ‘२४क्यू’. प्राप्तिकर विभागाच्या ‘ट्रेसेस’ या प्रणालीत चलान आणि विवरणपत्र एकमेकांशी जुळले, की कापलेला कर त्या त्या पॅनच्या २६एएसमध्ये उमटतो. म्हणजे पैसा आणि नाव हे दोन्ही पोहोचले आणि एकमेकांना भेटले, तरच करदात्याच्या पदरात श्रेय पडते. यातले एक जरी वाटेत अडले, तरी २६एएस कोरा राहतो.

कंपनी तिच्या हिशेबात नोंद कशी करते?

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या एका वास्तुविशारद महिलेने पुण्यातील बांधकाम कंपनीला २० डिसेंबर २०२५ रोजी ३ लाख रुपयांचे बिल दिले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ हजार रुपये. एकूण बिल ३ लाख ५४ हजारांचे. व्यावसायिक शुल्कावर प्राप्तिकर कायदा, १९६१च्या कलम १९४जे नुसार १० टक्के टीडीएस लागतो. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल, तर कर मूळ शुल्कावरच कापायचा, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. त्यामुळे कपात ३० हजारांची आणि वास्तुविशारदाच्या बँक खात्यात येणार ३ लाख २४ हजार.

कंपनीच्या वहीत या व्यवहाराच्या चार बाजू असतात. खर्चाला ३ लाख आणि भरलेल्या जीएसटीला ५४ हजार नावे पडतात. समोर वास्तुविशारदाच्या खात्यावर ३ लाख २४ हजार जमा आणि ‘टीडीएस देय’ या खात्यावर ३० हजार जमा. हे ३० हजार कंपनीच्या बँकेतच असतात. पण वहीत ते सरकारचे देणे म्हणून उभे राहतात. चलान भरले, की हे खाते शून्यावर येते. वर्षअखेरीस ‘टीडीएस देय’मध्ये जुनी शिल्लक रेंगाळत असेल, तर कापलेला कर भरायचा राहिला आहे, हे लेखापरीक्षकाला तिथेच दिसते.

कर नेमका कधी कापायचा, यालाही नियम आहे. बिल खात्यावर जमा करणे किंवा प्रत्यक्ष पैसे देणे, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. इथे कंपनीने बिल डिसेंबरमध्ये वहीत घेतले, त्यामुळे पैसे जानेवारीत दिले तरी कपात डिसेंबरचीच. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो; फक्त मार्चमधील कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत मिळते. म्हणजे या ३० हजारांची मुदत ७ जानेवारी २०२६. एक दिवस उशीर झाला, तरी दरमहा दीड टक्का व्याज कापल्याच्या तारखेपासून लागते आणि ट्रेसेसची प्रणाली महिन्याचा भागही पूर्ण महिना धरते. ८ जानेवारीला पैसे भरले, तर डिसेंबर आणि जानेवारी असे दोन महिने मोजले जाऊन ९०० रुपये व्याज होते.

त्रैमासिक विवरणपत्रात काय असते?

पैसे भरल्यावर चलानाची ओळख तीन गोष्टींनी ठरते : बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरल्याची तारीख आणि पाच अंकी अनुक्रमांक. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे २६क्यू विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरायचे असते. (इतर तिमाहींसाठी ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ मे.) त्यात आधी चलानाचे हे तीन तपशील येतात आणि त्या चलानाखाली एकेका व्यक्तीची ओळ : पॅन, नाव, कलम, व्यवहाराची तारीख, दिलेली किंवा जमा केलेली रक्कम आणि कापलेला कर. वास्तुविशारदाच्या ३० हजारांना तिचे नाव पहिल्यांदा चिकटते ते या ओळीत. श्रेय पडते ते मात्र पॅनवर. नावाचे स्पेलिंग बरोबर आणि पॅन चुकलेला असेल, तर नावाचा उपयोग होत नाही.

विवरणपत्राची मुदत संपल्यापासून १५ दिवसांत, म्हणजे १५ फेब्रुवारीपर्यंत, कंपनीने ‘फॉर्म १६ए’ हे प्रमाणपत्र द्यायचे असते. ते कंपनीने स्वतःच्या संगणकावर टंकून चालत नाही, ट्रेसेसवरूनच उतरवून घ्यावे लागते. करदात्यासाठी ही अट फार मोलाची आहे. ट्रेसेसवरून निघालेले १६ए हाती आले याचा अर्थ विवरणपत्र भरले गेले आहे आणि ते प्रणालीत पोहोचले आहे. कंपनी महिनोन्‌महिने १६ए देत नसेल किंवा साध्या लेटरहेडवर कपातीचा दाखला देत असेल, तर कुठेतरी पाणी मुरते आहे, असे समजावे.

घरखरेदीत हा दुहेरी प्रवास टाळलेला आहे. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर घेताना खरेदीदार १ टक्का कर कापतो. तिथे टॅन लागत नाही आणि ‘२६क्यूबी’ हे चलान व विवरणपत्र एकाच अर्जात असते. खरेदीदार आणि विक्रेता या दोघांचे पॅन पैशासोबतच जातात, त्यामुळे पैसे पोहोचले पण नाव मागे राहिले, असे सहसा होत नाही.

ज्याचा कर कापला त्याच्या वहीत काय नोंद होते?

वास्तुविशारदाच्या वहीत बँकेत आलेले ३ लाख २४ हजार आणि ‘टीडीएस येणे’ या खात्यावर ३० हजार अशा दोन नोंदी नावे पडतात. समोर व्यावसायिक उत्पन्न ३ लाख आणि सरकारला देय जीएसटी ५४ हजार. इथे अनेक जण फसतात. हातात आले तेवढेच उत्पन्न, असे समजून ते जीएसटी वजा जाता २ लाख ७० हजार दाखवतात आणि शिवाय ३० हजारांचे श्रेयही मागतात. कायदा तसे मानत नाही. कलम १९८ नुसार कापलेला करही मिळालेले उत्पन्नच आहे. उत्पन्न ३ लाख आणि त्यावर आधीच भरलेला कर ३० हजार, हा खरा हिशेब. श्रेय मागितले पण त्याच्याशी जुळणारे उत्पन्न दाखवलेच नाही, तर विवरणपत्र सदोष ठरवून विभाग नोटीस पाठवू शकतो.

३० हजारांचे मोल किती, हे वर्षाच्या हिशेबातून कळते. समजा, तिने २०२५-२६ मध्ये अशी आठ बिले केली. एकूण उत्पन्न २४ लाख, कापलेला कर २ लाख ४० हजार. वास्तुविशारदांना कलम ४४एडीए अंतर्गत जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवण्याची मुभा आहे. म्हणजे करपात्र उत्पन्न १२ लाख. दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत त्यावर ६० हजार कर होतो आणि तेवढीच सवलत कलम ८७ए खाली मिळून देय कर शून्यावर येतो. याचा अर्थ कापलेले २ लाख ४० हजार पूर्ण परत मिळायला हवेत. एका बिलाची नोंद २६एएसमध्ये नसेल, तर परतावा २ लाख १० हजारांचाच येतो.

२६एएसमध्ये नोंदच नसेल, तर चूक कुठे?

२६एएसमध्ये प्रत्येक ओळीत कापणाऱ्याचे नाव व टॅन, कलम, व्यवहाराची तारीख, नोंदीची स्थिती आणि तीन रकमा असतात : दिलेली किंवा जमा केलेली रक्कम, कापलेला कर आणि सरकारजमा कर. व्यवहाराची तारीख ही कंपनीच्या वहीतील असते, बँकेत पैसे आल्याची नव्हे. त्यामुळे पडताळणी बँकेच्या पासबुकाशी नव्हे, तर बिलांच्या यादीशी करावी.

त्या कंपनीच्या नावाने एकही ओळ नसेल, तर बहुधा विवरणपत्रच भरलेले नसते. कंपनीच्या इतर बिलांच्या ओळी आहेत आणि नेमकी डिसेंबरची तेवढी नाही, असे असेल तर संशय पॅनवर जातो. पॅनमधील एखादे अक्षर चुकून तो अस्तित्वातच नसलेला क्रमांक झाला, तर प्रणाली ती चूक पकडते. पॅन अवैध असल्यास १० ऐवजी २० टक्के कर कापायला हवा होता, असे सांगत ती कंपनीकडे फरकाची मागणी काढते. कंपनीला खिशातून पैसे जाण्याची भीती वाटते आणि दुरुस्ती लगेच होते.

खरी पंचाईत होते ती चुकलेला पॅन दुसऱ्या कोणाचा तरी खरा पॅन निघाला तर. कंपनीच्या मुनिमाने एक्सेलच्या यादीत वरच्या ओळीतला पॅन खाली ओढला, की ३० हजार रुपये त्या वरच्या माणसाच्या २६एएसमध्ये जाऊन बसतात. पॅन वैध, चलान बरोबर, रक्कम बरोबर. प्रणालीच्या दृष्टीने सगळे आलबेल असते आणि कंपनीला कसलीही नोटीस येत नाही. ही चूक फक्त एकाच माणसाला दिसते, ज्याचे पैसे हरवले त्याला. म्हणूनच १६ए मिळाल्यावर त्यावरचे नाव आणि पॅन आपलेच आहे ना, हे पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ट्रेसेस प्रमाणपत्रावर नाव छापते ते विवरणपत्रातील पॅनवरून. पॅन दुसऱ्याचा असेल, तर नावही दुसऱ्याचेच येते.

या चुकीवर उपाय एकच आणि तो कंपनीच्या हातात असतो : सुधारित विवरणपत्र. त्यात ती ओळ योग्य पॅनवर वळवली, की श्रेय दुसऱ्याच्या नावावरून निघून वास्तुविशारदाच्या नावावर येते. करदाता हे स्वतः करू शकत नाही. वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे ‘एआयएस’मध्ये, एखादी नोंद चुकीची असल्याचा अभिप्राय देण्याची सोय आहे, पण तेवढ्याने कंपनीचे विवरणपत्र बदलत नाही.

नोंद आहे, पण स्थिती ‘यू’ असेल तर?

नोंदीच्या स्थितीसमोर ‘एफ’ असेल तर ती अंतिम, म्हणजे पैसा आणि नाव जुळले आहे. ‘यू’ म्हणजे न जुळलेली. इथे प्रकार उलटा असतो : नाव पोहोचले, पण पैसा सापडत नाही. त्याची दोन कारणे असू शकतात. एक तर विवरणपत्रात बीएसआर कोड, तारीख किंवा अनुक्रमांक चुकीचा पडला. किंवा कंपनीने कर कापला, विवरणपत्रात दाखवला, पण पैसे भरलेच नाहीत किंवा कमी भरले.

दोन्हींमधला फरक ओळखायला कंपनीकडे चलानाची प्रत मागावी. चलान खरे असेल, तर कंपनीला तिच्या लॉगिनमधून ते तपशील दुरुस्त करता येतात आणि ‘यू’चा ‘एफ’ होतो. ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ असे म्हणत चलान येतच नसेल, तर प्रकरण दुसऱ्या कारणाकडे झुकते आहे, हे समजून घ्यावे.

नोंद आहे, पण वर्ष वेगळे असेल तर?

मार्च महिना हा या गोंधळाचा हक्काचा महिना. समजा, मार्च २०२५ अखेरीस वास्तुविशारदाने बिल दिले आणि येणे-देणे पद्धतीने हिशेब ठेवत असल्याने ते उत्पन्न २०२४-२५ मध्येच दाखवले. कंपनीने मात्र बिल एप्रिलमध्ये वहीत घेतले आणि कर तेव्हा कापला. आता उत्पन्न एका वर्षात आणि टीडीएस पुढच्या वर्षात. कलम १९९ आणि नियम ३७बीए सांगतात, की श्रेय ज्या वर्षी उत्पन्न करपात्र ठरते त्याच वर्षी मिळेल. पण त्या वर्षाच्या २६एएसमध्ये ही नोंद कधीच येणार नाही. या कोंडीवर १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘फॉर्म ७१’चा मार्ग उपलब्ध झाला. कर कापला गेला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून दोन वर्षांत हा अर्ज ऑनलाइन केला, की आधीच्या वर्षाचा हिशेब दुरुस्त होऊन श्रेय तिथे मिळते. वरच्या उदाहरणात ही मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत आहे.

याच्या उलटही घडते. कंपनीने मार्चमध्येच खर्चाची तरतूद करून कर कापला आणि करदात्याचे उत्पन्न पुढच्या वर्षात आले. तिथे वेगळ्या अर्जाची गरज नसते. विवरणपत्रातील टीडीएसच्या तक्त्यात यंदा मागितलेले श्रेय आणि पुढे ओढलेले श्रेय असे दोन रकाने असतात. कपात दाखवायची, यंदा मागायची नाही आणि रक्कम पुढे न्यायची. हा दुसरा रकाना रिकामा सोडला, तर पुढच्या वर्षी ती रक्कम मागताना अडचण येते.

२६एएसमध्ये न दिसणाऱ्या रकमेचा दावा करावा का?

ऑनलाइन विवरणपत्रात टीडीएसचा तक्ता आधीच भरून आलेला असतो आणि बहुतेक जण तो तसाच पुढे पाठवतात. पण त्यात कंपनीचा टॅन टाकून नवी ओळ जोडता येते. बिल, बँकेचा उतारा आणि कपातीचा पुरावा हाती असेल, तर ही ओळ जोडणे शहाणपणाचे. बंगळूरुचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र विवरणपत्र २६एएसशी ताडून पाहील आणि न जुळणारे ३० हजार सोडून देईल. कलम १४३(१)च्या सूचनेत दावा केलेली आणि मान्य झालेली अशा दोन रकमा शेजारीशेजारी दिसतील. मात्र दावा नोंदलेला राहतो. पुढे कंपनीने दुरुस्ती केली, की ऑनलाइन दुरुस्ती अर्ज करून विवरणपत्राची पुन्हा प्रक्रिया करून घेता येते. दावाच केलेला नसेल, तर आधी सुधारित विवरणपत्र भरावे लागते आणि त्याची मुदत उलटली असेल तर विलंब माफीसाठी अर्ज करण्याची वेळ येते.

२६एएसमध्ये नाही म्हणून श्रेय नाही, हे उत्तर अंतिम नाही, असे न्यायालयांनीही म्हटले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात, कापणाऱ्याच्या चुकीचा त्रास करदात्याला होता कामा नये, अशी भूमिका घेतली. त्यानंतर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने सूचना काढली : करदात्याने पुराव्यासह तपशील दिल्यास निर्धारण अधिकाऱ्याने कर सरकारजमा झाला आहे का, याची पडताळणी करावी आणि तसे आढळल्यास श्रेय द्यावे. वास्तुविशारदाच्या प्रकरणात पैसे खरोखरच तिजोरीत आहेत. त्यामुळे कंपनीने दुरुस्तीला टाळाटाळ केली, तरी हा मार्ग तिला खुला आहे. वेळ मात्र लागतो.

कंपनीने कर भरलाच नसेल तर?

इथे कायद्याची दोन कलमे समोरासमोर येतात. कलम १९९ म्हणते, कर कापला आणि केंद्र सरकारला भरला, तर श्रेय मिळेल. म्हणजे दोन्ही अटी हव्यात. कलम २०५ म्हणते, जेवढा कर कापला गेला आहे तेवढ्यासाठी करदात्याकडे थेट मागणी करता येणार नाही. इथे कंपनीने भरला की नाही, हा प्रश्नच नाही.

एका नोकरदाराच्या पगारातून मालकाने कर कापला, पण सरकारला भरला नाही, असे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले होते. २००७च्या त्या निकालात न्यायालयाने कलम २०५चा आधार घेत, विभागाने वसुली मालकाकडून करावी, नोकरदाराकडून नव्हे, असे स्पष्ट केले. प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५च्या पत्राने आणि ११ मार्च २०१६च्या कार्यालयीन निवेदनाने, अशा प्रकरणांत करदात्यावर सक्तीची वसुली करू नये, असे अधिकाऱ्यांना बजावले. तरीही संगणकीय प्रक्रियेत मागणी निघते आणि पुढच्या वर्षीच्या परताव्यातून ती परस्पर वळती होते. असे वळते करणे हीसुद्धा मागच्या दाराने केलेली वसुलीच आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मधील एका निकालात ठरवले.

या संरक्षणाला मर्यादा आहे. कलम २०५ मागणी थांबवते. परतावा मिळवून देणे हे त्याचे थेट काम नाही. ज्याचा कर देय राहतो, त्याच्यासाठी ते ढाल ठरते. पण आपल्या उदाहरणातील वास्तुविशारदासारखा ज्याचा देय कर शून्य आहे आणि ज्याला पैसे परत हवे आहेत, त्याची गाठ कलम १९९ मधील ‘भरला’ या शब्दाशी पडते. म्हणून बुडणाऱ्या कंपनीचे काम करणाऱ्याने वर्षअखेरीची वाट पाहू नये. शिवाय कर कापला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्यावरच असते. मूळ बिल, त्यापोटी कमी आलेली बँकेतील रक्कम, पगार असेल तर कपात दाखवणारी वेतनचिठ्ठी आणि कंपनीने कपात मान्य केल्याचा ई-मेल, हे कागद जपलेले असतील तरच कलम २०५ उपयोगी पडते. कंपनीने कर कापला असे फक्त तोंडी सांगितले आणि बिलाचे पैसे कमी दिले, तर ती कपात आहे की निव्वळ थकबाकी, हाच वाद उभा राहतो.

कंपनीवर कारवाई होत नाही असे नाही. कापलेला कर न भरल्यास व्याज आणि दंड लागतो; जुन्या कायद्याच्या कलम २७६बी मध्ये तीन महिने ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद होती. विवरणपत्राला उशीर झाल्यास कराच्या रकमेइतक्या मर्यादेपर्यंत दिवसाला २०० रुपये शुल्क लागते. पण भरलेल्या विवरणपत्रात चुकीचा असला तरी वैध पॅन टाकण्याला असे रोजचे मीटर नाही आणि कंपन्यांची दुरुस्तीतली सुस्ती बरीचशी इथूनच येते.

नव्या कायद्याने काय बदलले?

प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. १९४ए, १९४सी, १९४जे अशी विखुरलेली टीडीएसची कलमे त्यात प्रामुख्याने कलम ३९३च्या तक्त्यांत एकत्र आणली आहेत आणि आर्थिक वर्ष व निर्धारण वर्ष यांच्याऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागू राहतो. चलान आणि त्रैमासिक विवरणपत्र यांचा दुहेरी प्रवासही कायम आहे.

करदात्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल दुरुस्तीच्या मुदतीत आहे. पूर्वी कंपन्या कितीही जुने टीडीएस विवरणपत्र सुधारू शकत. १ एप्रिल २०२५ पासून त्यावर सहा वर्षांची मर्यादा आली आणि नव्या कायद्याने ती दोन वर्षांवर आणली. ही दोन वर्षे मूळ विवरणपत्र ज्या वर्षात भरायचे होते, ते वर्ष संपल्यापासून मोजली जातात. डिसेंबर २०२५च्या बिलाचे विवरणपत्र ३१ जानेवारी २०२६ पर्यंत द्यायचे होते, म्हणजे ते वर्ष ३१ मार्च २०२६ रोजी संपले. दुरुस्तीची दारे ३१ मार्च २०२८ रोजी बंद होतील. जानेवारी ते मार्च २०२६ या तिमाहीचे विवरणपत्र ३१ मे २०२६ पर्यंतचे, त्यामुळे त्याला ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे.

त्या तारखेनंतर कंपनीची दुरुस्ती करण्याची इच्छा असली, तरी प्रणाली ती स्वीकारणार नाही आणि करदात्याला अधिकाऱ्याच्या किंवा न्यायालयाच्या दारात उभे राहावे लागेल. आतापर्यंत अनेक जण २६एएस वर्षातून एकदा, विवरणपत्राच्या आदल्या दिवशी उघडत असत. आता ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, तसेच १५ जूननंतर, म्हणजे १६एच्या मुदती संपल्यावर लगेच, बिलांची यादी शेजारी ठेवून तो तपासावा लागेल. चूक त्याच तिमाहीत सापडली, तर ज्याने ती एक्सेलमध्ये केली तो माणूस बहुधा अजून त्याच कंपनीत असतो आणि ती दुरुस्त करायला त्याला पाच मिनिटे पुरतात.